पांढरी बट रंगवली की ठिगळ का दिसतं

"वय 28. दहावीत असताना कपाळाच्या उजव्या बाजूची दोन बोटं रुंद बट पांढरी झाली, तेव्हापासून तेवढीच आहे. बाकी केस काळेभोर. चार वर्षांपासून दर वीस दिवसांनी घरीच नॅचरल ब्लॅक कलर लावते. आता ती बट निळसर-काळी, निर्जीव दिसते. बाजूच्या केसांत मिसळत नाही, उलट मुळाशी पांढरं आणि खाली काळं ठिगळ लावल्यासारखं वाटतं. फेब्रुवारीत लग्न आहे, हळद वगैरे सगळं साग्रसंगीत. ताई, रंगवत राहू की तशीच सोडू? रंगवायची तर कशी?"

एक काम करा. सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर जा, कानामागची न रंगवलेली एक बट हातात घ्या आणि उन्हात धरून बघा. ती काळी दिसणार नाही. गडद तपकिरी दिसेल, कडेला थोडी लालसर झाकही असेल. आपण ज्यांना काळेभोर म्हणतो ते केस असेच असतात. घरात ट्यूबलाइटखाली ते काळे भासतात एवढंच. तुमच्या ठिगळाचं निम्मं कारण इथेच आहे. तुम्ही पांढरी बट काळ्या रंगाने रंगवता आहात आणि तिच्या शेजारचे केस मुळात काळे नाहीतच.

मी इंदुरात रामबागेत सव्वीस वर्षं पार्लर चालवते आहे. सगळ्या डोक्यावर विखुरलेले पांढरे केस रंगवणं आणि अशी एकच बट रंगवणं ही माझ्या लेखी दोन वेगळी कामं आहेत. विखुरलेल्या पांढऱ्या केसांत शंभरातले साठ-सत्तर केस अजून काळे असतात. रंग कितीही सपाट बसला तरी मधले काळे केस त्याला सांभाळून घेतात. बटेत तसं कुणी सांभाळून घेणारं नसतं. तिथे प्रत्येक केस पूर्ण पांढरा असतो, म्हणजे त्यात स्वतःचं रंगद्रव्य काहीच नसतं, आणि जे दिसतं ते फक्त डब्यातलं. शिवाय अगदी खेटून खरे केस असतात, त्यामुळे तुलना करायला डोळ्याला लांब जावं लागत नाही. म्हणून बटेला शेड अचूक लागते, आणि लावण्याची पद्धत शेडपेक्षाही अचूक लागते.

रंगाच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. तुमची बट तेरा वर्षं तेवढीच आहे, हे चांगलं लक्षण आहे. तरी एकदा केस बाजूला करून तिच्या मुळाशी असलेली कातडी भर उजेडात बघा. कातडी आजूबाजूसारखीच असेल तर फारसं काही नाही. पण कातडीवरही पांढरा चट्टा असेल, भुवईचे किंवा पापणीचे केस पांढरे व्हायला लागले असतील, किंवा बट दोन बोटांची तीन बोटं झाली असेल, तर रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोडाची सुरुवात कधी कधी केसांतून होते. ते वेगळ्या दिव्याखाली कातडी बघतात आणि पाच मिनिटांत सांगतात. बट अचानक पांढरी झाली आणि बरोबर डोळे लाल होणं, अंधूक दिसणं, कानात आवाज येणं असं काही सुरू झालं, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. हे तुमच्याबाबतीत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असू शकतं म्हणून लिहिते. जन्मापासून कपाळावर पांढरी बट असते, आईला किंवा आजोबांनाही असते, तो प्रकार घराण्यातून येतो. त्यात मुलाला कमी ऐकू येतं का आणि दोन्ही डोळ्यांचा रंग सारखा आहे का हे लहानपणीच बघून घ्यावं, कारण त्यातल्या एका प्रकारात या गोष्टी एकत्र येतात.

आवळा, माका, कढीपत्त्याचं तेल याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातलं कुणीतरी सुचवणारच. तेलाने केस मऊ होतील, बट काळी होणार नाही. त्या जागेवर केसांत रंग भरणाऱ्या पेशी काम करत नाहीत, आणि तेल तिथवर पोचून त्यांना कामाला लावू शकत नाही. त्यावर सहा महिने घालवू नका, तुमच्याकडे चारच आहेत.

आता ठिगळ कसं तयार झालं ते सांगते, कारण ते समजलं की उपाय आपोआप कळतो. तुम्ही दर वीस दिवसांनी रंग लावलात. वीस दिवसांत केस जेमतेम पाऊण सेंटिमीटर वाढतो, म्हणजे रंगाची गरज फक्त तेवढ्या पाऊण सेंटिमीटरला होती. पण घरी लावताना आपण मुळापासून टोकापर्यंत लावतो, उरलेला रंगही टोकांनाच पुसतो. चार वर्षांत साठ-सत्तर वेळा असं झालं. बटेच्या मधल्या भागावर एकावर एक थर चढत गेले. रंगाचा थर जितका जाड तितका तो उजेड परत टाकत नाही, म्हणून केस निर्जीव दिसतो. आणि नॅचरल ब्लॅक म्हणून मिळणाऱ्या बहुतेक शेड्सच्या तळाशी निळी झाक असते, ती थरांबरोबर दाट होत जाते. तुम्ही जिला निळसर-काळी म्हणता ती हीच झाक. म्हणजे तुम्ही वाईट रंग वापरला असं नाही. चांगला रंग, चुकीच्या क्रमांकाचा, नको तिथे पुन्हा पुन्हा लागला.

सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच केलं होतं. एका कॉलेजातल्या मुलीच्या बटेवर मी काळा रंग लावला, आरशात बघून दोघी खूश झालो, आणि चौथ्या दिवशी ती रडत परत आली. राजवाड्यासमोर उन्हात मैत्रिणीने तिचा फोटो काढला होता आणि त्यात सगळे केस तपकिरी, मध्ये शाईची रेघ. तेव्हापासून मी शेड पार्लरच्या दिव्याखाली ठरवत नाही. बाईला दाराबाहेर नेते, उन्हात उभी करते, तिच्या कानामागच्या केसांशेजारी शेडकार्ड धरते आणि मग ठरवते.

तुमच्या केसांसाठी मी 1 क्रमांकाची शेड, म्हणजे काळी, हातात घेणार नाही. डब्यावर 1 म्हणजे काळा, 3 म्हणजे गडद तपकिरी, 4 म्हणजे मध्यम तपकिरी, आणि आकडा वाढतो तसा रंग उजळ होत जातो. आपल्याकडचे बहुतेक न रंगवलेले केस 2 ते 3 च्या आसपास बसतात. पूर्ण पांढऱ्या केसावर तीच शेड जरा जास्त गडद आणि सपाट दिसते, म्हणून बटेला शेजारच्या केसांपेक्षा अर्धी-एक पायरी उजळ शेड निवडायची. तुमच्यासाठी मुळाशी 3 धरून चालू. आकड्यापुढे बिंदू देऊन 5 किंवा 6 लिहिलेल्या लालसर शेड्स नुसत्या लावू नका. काळ्या केसांवर त्या सुरेख चॉकलेटी दिसतात, पण रिकाम्या पांढऱ्या केसावर तांब्याच्या तारेसारख्या चमकतात. साधी नॅचरल शेड, म्हणजे 3 किंवा 3.0 लिहिलेलीच हवी.

पण तुमची बट आता पांढरी नाही, ती काळ्या थराखाली आहे, आणि इथे बहुतेकजणी फसतात. काळ्यावर तपकिरी रंग लावला की तो तपकिरी होईल असं वाटतं. होत नाही. रंगाने रंग उजळत नाही. चार वर्षांचा काळा थर आधी सैल करावा लागतो.

माझ्याकडे लोकमान्य नगरातून एक बाई यायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची गोष्ट जवळजवळ तुमचीच होती, म्हणून ती तपशिलात सांगते. वय 41, भांगाच्या डाव्या बाजूला साधारण तीन सेंटिमीटर रुंद बट, केसांची लांबी खांद्याखाली चार बोटं. पाच वर्षं काळा रंग. आम्ही ब्लीच वापरलं नाही. ब्लीचने काळा थर निघतो, पण केसाचा दमही निघतो, आणि कपाळावरचे बारीक केस तुटून उभे राहिले तर ते बटेपेक्षा वाईट दिसतात. आम्ही कलर रिमूव्हर वापरला. केसात फुगून बसलेले रंगाचे कण तो पुन्हा लहान करतो, आणि मग ते पाण्याबरोबर बाहेर पडतात. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.

रिमूव्हर फक्त बटेला लावला, तोही मुळाशी नाही, कारण मुळाशी काढण्यासारखं काही नव्हतंच. वीस मिनिटांनी धुवायला घेतलं, आणि खरं काम तिथे सुरू झालं. पंधरा मिनिटं सतत वाहत्या पाण्याखाली आणि तीन वेळा शाम्पू. हे धुणं अर्धवट सोडलं तर लहान झालेले कण केसातच राहतात, हवा लागून पुन्हा फुगतात आणि दोन दिवसांनी बट परत काळी होते. "रिमूव्हर चालत नाही" असं सांगणाऱ्या बऱ्याचजणींचं धुणं कमी पडलेलं असतं. त्या बाईंची बट धुतल्यावर एकसारखी झाली नाही. मुळाकडे फिकट चहाचा रंग आला, मधे गडद बदामी, टोकाला जवळजवळ आधीसारखाच काळा. टोकावर सगळ्यात जास्त थर होते. आम्ही टोकाचे दीड इंच कापले आणि दोन आठवडे काही केलं नाही, फक्त कंडिशनर.

दोन आठवड्यांनी रंग. इथे मी दोन वाट्या भरल्या. मुळाशी नव्याने उगवलेल्या पांढऱ्या भागासाठी 3 क्रमांक आणि 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्क्यांचा डेव्हलपर. खालच्या लांबीसाठी 4 क्रमांक आणि 10 व्हॉल्यूमचा, म्हणजे 3 टक्क्यांचा. कारण असं की रिमूव्हर लावलेला जुना केस सच्छिद्र झालेला असतो, स्पंजासारखा रंग पितो, आणि त्यावर 3 लावला असता तर तो 2 सारखा दिसला असता. मुळाशी उलट परिस्थिती असते. तिथला नवा पांढरा केस बहुधा कडक असतो, त्याची वरची साल घट्ट मिटलेली असते, त्यामुळे तिथे थोडा जोर लागतो. दोन्ही मिळून रंग किती लागला? दहा ग्रॅम मुळाला, पंधरा ग्रॅम लांबीला, आणि तेवढाच डेव्हलपर. पूर्ण ट्यूब लागतच नाही. ट्यूब फोडली म्हणून संपवायची या नादात सगळा रंग डोक्यावर जातो. उरलेली ट्यूब टोपण घट्ट लावून ठेवता येते, कालवलेला रंग मात्र टाकूनच द्यायचा.

तुम्ही घरी करणार असाल तर क्रम असा ठेवा. रंगाच्या आदल्या दिवशी केस धुवा, कंडिशनर आणि सीरम लावू नका, तेल तर नाहीच. आपल्याकडे "तेल लावलेल्या केसांवर रंग लावला तर नुकसान होत नाही" असं सर्रास सांगतात. नुकसान होत नाही कारण रंगच नीट चढत नाही. बट शेपटीच्या कंगव्याने नेमकी वेगळी काढा आणि बाजूच्या काळ्या केसांना क्लिप लावून मागे बांधा. मग एक गोष्ट करा जी घरी कुणीच करत नाही. बटेला खेटून असलेल्या काळ्या केसांच्या मुळाशी बोटाने पातळ व्हॅसलीन फिरवा. 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर तुमचा नैसर्गिक रंग थोडा उडवतो. दर वेळी तो कडेच्या केसांना लागत राहिला तर सहा महिन्यांत बटेच्या दोन्ही बाजूंना लालसर पट्टी दिसायला लागते. पांढऱ्या केसांच्या मुळाला व्हॅसलीन लागू देऊ नका, नाहीतर तिथे रंग धरणार नाही.

बटेखाली फॉइलचा तुकडा ठेवा, ब्रशने फक्त पांढऱ्या मुळांना रंग लावा, आणि जरा सढळ हाताने. केस पातळ पातळ थरांत उलगडून खालच्या बाजूनेही लावा. घरी वरून लावतात आणि खालचे केस पांढरे राहतात, मग वाऱ्यावर बट उडाली की ते दिसतात. लावून झाल्यानंतर घड्याळ लावा आणि 35 ते 45 मिनिटं थांबा, डब्यावर जी वेळ लिहिली असेल ती. पंधरा मिनिटांनी रंग काळा दिसू लागतो म्हणून धुवून टाकू नका. बाहेरून दिसणारा तो काळेपणा पेस्टचा असतो, केसाच्या आत रंग अजून तयार होत असतो. लवकर धुतलेला रंग ओळखू येतो. आठ-दहा दिवसांत तो तांबूस होऊन उतरतो. धुवायच्या आधी थोडं पाणी शिंपडून दोन मिनिटं बोटांनी फेस केल्यासारखं चोळा आणि तो पातळ झालेला रंग तेवढ्या दोन मिनिटांसाठी खालच्या लांबीवर ओढा. तेही दर वेळी नाही, तीन-चार वेळांतून एकदा, लांबीचा रंग उतरला असेल तेव्हाच.

मुळं तरीही रंग धरत नसतील, म्हणजे पूर्ण वेळ देऊनही केस काचेसारखा अर्धा पारदर्शक तपकिरी दिसत असेल, तर पुढच्या वेळी आधी नुसता 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर कापसाने त्या पांढऱ्या मुळांना लावून दहा मिनिटं ठेवा, टिपून घ्या आणि मग रंग लावा. साल थोडी सैल होते आणि रंग आत जातो. 30 व्हॉल्यूम वापरण्याचा मोह टाळा. पांढऱ्या केसात उजळायला काही नाही, त्यामुळे त्याचा फायदा शून्य आणि कपाळाची आग फुकट.

पाण्याबद्दल एक. आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशीच रंग धुवा. बोअरिंगच्या जड पाण्यात शाम्पूला फेस येत नाही, केसावर क्षार बसतात आणि नवा रंग दोन धुण्यांत धुरकट दिसतो. तेवढी एक बादली भरून ठेवली तरी पुरते.

आणि प्रत्येक नव्या डब्याच्या वेळी, चार वर्षं काही झालं नाही म्हणून न टाळता, 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर रंग लावून बघा. या रंगांतल्या पीपीडी नावाच्या द्रव्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही अचानक सुरू होते. खाज, लाली, पाणी भरलेले फोड आले तर तो रंग कायमचा बंद. बाजारातल्या "काळी मेहंदी"कडेही वळू नका, तिच्यात बहुतेक वेळा हेच द्रव्य असतं. खरी मेहंदी काळी नसते. तिने पांढरी बट नारिंगी होते. ॲलर्जी असलेल्यांना मी आधी शुद्ध मेहंदी तीन तास आणि ती धुतल्यावर शुद्ध निळीच्या पानांची पूड दीड तास लावायला सांगते. बटेला दोन-दोन मोठे चमचे पुरतात. मेहंदी रात्री भिजवायची, निळीची पूड मात्र लावण्याच्या पंधरा मिनिटं आधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून, लिंबू अजिबात न घालता. धुतल्यावर बट हिरवट दिसली तर घाबरायचं नाही, दोन दिवसांत ती गडद तपकिरी होते, तोवर शाम्पू नाही. ही पुडीसुद्धा आधी कोपरावर लावून बघायचीच.

आता "रंगवत राहू की तशीच सोडू" याबद्दल. गणिताच्या त्या बाईंनी तीन वर्षं माझ्याकडे बट रंगवली. तीन आठवड्यांनी यायच्या, वीस मिनिटांचं काम. मग एकदा म्हणाल्या की आता पुरे, मला माझी बट परत हवी. तेव्हा मला त्यांना सांगावं लागलं की रंगवायला एक तास लागतो आणि परत मिळवायला अडीच वर्षं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या जरा वर वाढतो आणि त्यांच्या बटेची लांबी तीस सेंटिमीटरहून जास्त होती. आम्ही केस खांद्यापर्यंत कापले आणि बटेतल्या रंगीत भागात, तसंच शेजारच्या काळ्या केसांत, सुईच्या नाकाएवढे बारीक उजळ धागे घातले, म्हणजे पांढरं कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ही आडवी रेघ मोडली. तरी पहिले सहा महिने अवघड गेले. हे मी दर नव्या बाईला पहिल्यांदा रंग लावायच्या आधी सांगते. तुम्हाला हे कुणी तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

मला स्वतःला विचाराल तर तुमच्या वयाच्या मुलीच्या कपाळावर एक स्वच्छ पांढरी बट मला फार आवडते. इंदिरा गांधींची ती बट आपल्या आयांच्या पिढीला अजून डोळ्यांसमोर दिसते. पण चार वर्षांचा रंग उतरवून ती लग्नापर्यंत परत आणणं शक्य नाही. चार महिन्यांत मुळाशी जेमतेम पाच सेंटिमीटर पांढरं येईल आणि मुंडावळ्या बांधल्यावर नेमकी तीच जागा कॅमेऱ्यासमोर येईल. म्हणून माझं मत असं की लग्नापर्यंत नीट रंगवा आणि सोडायची असेल तर लग्नानंतर सुरुवात करा.

त्यासाठी वेळापत्रक असं. दिवाळी झाली की रिमूव्हर, पार्लरमध्येच, आणि आधी विचारून घ्या की त्या फक्त बटेवर काम करतील ना. सगळं डोकं रंगवू असं म्हणाल्या तर उठून या. तुमच्या निरोगी काळ्या केसांना रंगाची काहीही गरज नाही, आणि एकदा लावला की बटेबरोबर सगळ्या डोक्याची मुळं सांभाळत बसाल. रिमूव्हरनंतर दोन आठवड्यांनी 3 आणि 4 चा रंग. उन्हात फोटो काढा, पार्लरच्या दाराबाहेरच. शेड चुकलेली असेल तर दुरुस्तीला अजून दोन महिने आहेत. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी फक्त मुळं. शेवटचं टच-अप हळदीच्या चार-पाच दिवस आधी, आदल्या दिवशी नाही, कारण कपाळाच्या कडेला लागलेला रंगाचा डाग जायला दोन दिवस लागतात आणि मेकअपखालीही तो राखाडी दिसतो.

हळदीच्या दिवशी रंगवलेल्या भागाला काही होणार नाही. पण मुळाशी चार दिवसांत दीडेक मिलिमीटर पांढरं आलेलं असेल, ते पिवळं होईल. म्हणून हळद लावायच्या आधी बटेच्या मुळांना आणि कपाळाच्या कडेला खोबरेल तेल चोपून लावा. तरीही पिवळं झालं तर साबणाची वडी घेऊन चोळू नका. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. पुन्हा तेल लावायचं, दहा मिनिटांनी कापसाने पुसायचं, मग सौम्य शाम्पू. जे उरेल ते एक-दोन दिवसांच्या उन्हात आपसूक उडतं. लग्नाच्या दिवशी मुळं जाणवलीच तर मेकअपवाल्या मुलीला सांगून ठेवा की गडद तपकिरी रूट पावडर चपट्या ब्रशने दाबून लावायची आणि वरून हेअरस्प्रेचा एक फवारा. काळी पावडर नको, फ्लॅशमध्ये ती निळी मारते.

मार्चमध्ये रंगपंचमी आहे. राजवाड्याच्या गेरीच्या मिरवणुकीला जाणार असाल आणि तोपर्यंत बट सोडायला सुरुवात केली असेल, तर उगवलेल्या पांढऱ्या भागाला भरपूर तेल आणि वर घट्ट ओढणी बांधा. कोरड्या पांढऱ्या केसावर पक्का गुलाबी रंग बसला तर तो मे महिन्यापर्यंत राहिलेला मी पाहिला आहे.